उशीर माफ व्हावा म्हणून: एकेका दिवसाचा हिशेब

अपिलाची मुदत उलटून गेल्यावर अनेक पक्षकार माझ्याकडे येतात आणि विचारतात, "वकीलसाहेब, आता काही होऊ शकतं का?" पुष्कळदा होऊ शकतं. मुदत अधिनियम 1963 च्या कलम 5 मध्ये तशी तरतूद आहे. वेळेत न येण्याला पुरेसं कारण होतं, अशी कोर्टाची खात्री पटली तर उशीर माफ होतो. त्यासाठी जो अर्ज करायचा, त्याला आपण विलंब माफीचा अर्ज म्हणतो. आज हा अर्ज कसा लिहायचा, तेवढंच पाहू.

एक उदाहरण घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, पण तारखा खऱ्या कॅलेंडरच्या आहेत. समजा, इंदूरला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांची वडिलोपार्जित शेतजमीन जळगाव जिल्ह्यात आहे. तालुक्याच्या दिवाणी कोर्टाने 1 जुलै 2024 रोजी त्यांच्याविरुद्ध ताबा देण्याचा हुकूमनामा केला. जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस मिळतात. त्यांनी अपील दाखल केलं 24 सप्टेंबरला.

आता उशीर नक्की किती? बरेच लोक इथेच घोटाळा करतात आणि निकालाच्या तारखेपासून सरळ दिवस मोजतात. कलम 12 प्रमाणे निकालाचा दिवस सोडायचा, म्हणजे 30 दिवस 31 जुलैला संपतात. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवसही वगळायचे. यांनी नकलेचा अर्ज 8 जुलैला दिला आणि नक्कल 19 जुलैला तयार झाली. हे दोन्ही धरून 12 दिवस. म्हणून शेवटची तारीख 12 ऑगस्ट. 13 ऑगस्ट ते 24 सप्टेंबर हे 43 दिवस, हाच खरा उशीर. नकलेवर अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते, ती पाहूनच हा आकडा लिहावा. आकडाच चुकला तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता कारण. सर्वसाधारण अर्जात एकच वाक्य असतं: "अर्जदार आजारी असल्याने व आर्थिक अडचणीमुळे विलंब झाला." हे वाक्य खोटं नसेलही, पण त्यावरून कोर्टाला काहीच कळत नाही. आजारी कधीपासून? बरे कधी झाले? बरे झाल्यावर काय केलं? म्हणून मी त्या 43 दिवसांचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यापुढे एक कागद ठेवतो.

पहिला तुकडा 13 ते 31 ऑगस्ट, 19 दिवस. 10 ऑगस्टला ते डेंग्यूने रुग्णालयात दाखल झाले, 17 ला घरी आले, डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंत विश्रांती सांगितली. कागद: डिस्चार्ज कार्ड. त्यावर दाखल झाल्याची, सुटल्याची तारीख आणि विश्रांतीचा सल्ला असतो. नंतर मागून आणलेल्या दाखल्यापेक्षा याचं वजन जास्त.

दुसरा तुकडा 1 ते 5 सप्टेंबर, 5 दिवस. 1 ला रविवार. 2 ला तालुक्याच्या वकिलांना फोन केला, 5 ला प्रवास करून त्यांच्याकडून दाव्याचे कागद घेतले. कागद: प्रवासाचं तिकीट.

तिसरा तुकडा 6 ते 13 सप्टेंबर, 8 दिवस. 6 ला जिल्ह्याच्या ठिकाणी नवे वकील नेमले. 7 ला गणेश चतुर्थी, 8 ला रविवार. 13 ला अपिलाचा मसुदा तयार झाला. कागद: तारीख घातलेलं वकीलपत्र.

यानंतर 14 ते 20 सप्टेंबर. कच्च्या अर्जात हे सात दिवस बहुधा कोरेच असतात, आणि समोरचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात: "मसुदा तयार होता, मग आठवडाभर काय केलं?" विचारल्यावर कळलं की कोर्ट फीला पैसे नव्हते, मुदत ठेव मोडावी लागली, आणि रक्कम 20 ला खात्यात आली. बँकेच्या पासबुकात ती नोंद आहे. म्हणजे "आर्थिक अडचण" हे मोघम शब्द जाऊन त्या जागी एक तारीख आली. उरलेले 21 ते 24 हे चार दिवस: 21 व 22 ला शनिवार-रविवार, 23 ला प्रतिज्ञापत्र, 24 ला दाखल. 19, 5, 8, 7 आणि 4, बेरीज 43.

"म्हणजे तासातासाचा हिशेब द्यायचा का?" असं कुणी विचारेल. नाही. 1987 च्या कातिजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक दिवसाचं स्पष्टीकरण म्हणजे कीस काढणं नव्हे. व्यवहाराच्या नजरेने पाहावं. तसंच, मुदत चालू असताना तुम्ही लवकर का आला नाहीत, हे सहसा सांगावं लागत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचा तुम्हाला हक्क आहे. मात्र कारण मुदत संपायच्या आत सुरू झालेलं हवं. आपल्या उदाहरणात मुदत 12 ऑगस्टला संपली आणि आजारपण 10 ला सुरू झालं, म्हणून ते टिकतं. हेच आजारपण 20 ऑगस्टला सुरू झालं असतं, तर मधल्या दिवसांना उत्तर राहिलं नसतं.

आता सद्भाव. "अर्जदाराने सद्भावनेने वर्तन केले" असं लिहून सद्भाव दिसत नाही. मुदत अधिनियमाची व्याख्याच सांगते की योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेची मानायची नाही. म्हणजे अडथळा दूर झाल्यावर तुम्ही हललात का, हे पाहिलं जातं. 31 ऑगस्टला विश्रांती संपली आणि 2 सप्टेंबरला फोन गेला, हाच सद्भाव. दुसरी बाजू प्रांजळपणाची. समजा, विश्रांतीच्या काळात 28 ऑगस्टला हे गृहस्थ बँकेत एका सहीसाठी गेले होते. ते आपणहून लिहावं: मुलाबरोबर तासभर गेलो, लगेच परतलो. लपवलं आणि समोरच्याने तो कागद काढला, तर खरं आजारपणही खोटं ठरतं. उशीर थोडा असूनही अर्ज फेटाळले जातात, ते अशा लपवाछपवीमुळे. 1998 च्या बालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं की उशीर किती यापेक्षा स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे का, हे महत्त्वाचं.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. कलम 5 अपिलाला आणि अर्जांना लागू होतं, मूळ दाव्याला नाही. आणि काही कायद्यांत माफीलाच कुंपण आहे: लवादाचा निवाडा रद्द करण्याचा अर्ज तीन महिन्यांनंतर फार तर आणखी 30 दिवस घेता येतो, त्यापुढे कितीही खरं कारण असलं तरी नाही.

शेवटी, हा अर्ज प्रतिज्ञापत्रासह अपिलाबरोबरच द्यावा. कारण अपील ऐकायचं असं कोर्ट ठरवेपर्यंत हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही, आणि तोवर समोरचा पक्ष ताब्यासाठी दरखास्त लावू शकतो. म्हणून मुदत हुकल्याचं कळलं त्याच दिवशी वही घ्या, शेवटच्या तारखेपासून आजपर्यंतचे दिवस एकाखाली एक लिहा, आणि ज्या दिवसापुढे कागद नाही, त्याचा शोध आधी सुरू करा.