ढवळलं की कॉफीत काय बदलतं?

१५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, एकच दळण, एकच तापमान. हे सगळं जसंच्या तसं ठेवून व्ही६० या शंकूतून दोनदा कॉफी गाळली, तरी दोन कपांची चव वेगळी लागू शकते. पाणी कसं ओतलं आणि शंकूतली कॉफी किती हलली, यावर बरंच काही ठरतं.

हा फरक मोजता येतो. समजा, पहिल्या वेळी पाणी अलगद ओतलं, चमचा लावलाच नाही. चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे ३० ग्रॅम पाणी शंकूतच राहिलं आणि कपात २२० ग्रॅम उतरलं. रिफ्रॅक्टोमीटरने पाहिलं तर त्यात विरघळलेले पदार्थ १.३ टक्के, म्हणजे २.८६ ग्रॅम. १५ ग्रॅममधून एवढं निघालं म्हणजे अर्क सुमारे १९ टक्के. दुसऱ्या वेळी सुरुवातीला नीट ढवळलं आणि हेच प्रमाण १.४५ टक्क्यांवर गेलं, तर अर्क २१ टक्क्यांच्या थोडा वर जातो. भाजलेल्या कॉफीतला साधारण ३० टक्के भागच पाण्यात उतरू शकतो आणि चवीच्या दृष्टीने १८ ते २२ टक्क्यांचा पट्टा बरा मानला जातो. त्या अरुंद पट्ट्यात दोन टक्क्यांचा फरक जिभेला सहज कळतो.

हा फरक येतो कुठून? कॉफीचा कण पाण्यात पडला की त्याला चिकटून पाण्याचा एक पातळ थर बसतो. कणातून सुटलेली साखर, आम्लं, कॅफिन आधी या थरात येतात. थर जागचा हलला नाही, तर तो लवकरच दाट होतो आणि आतून बाहेर येणाऱ्या पदार्थांची गती मंदावते. ढवळल्याने हा थर धुऊन निघतो आणि कणाला पुन्हा कोरं पाणी भेटतं. कणाच्या पोटात मात्र चमचा पोहोचत नाही. तिथले रेणू आपापल्या संथ चालीने पृष्ठभागापर्यंत येतात आणि या चालीत अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. म्हणून जाड दळलेल्या कॉफीची कसर कितीही ढवळून पूर्ण भरून निघत नाही.

इथे, शंकूत सगळीकडे पाणी खळबळतं, हा समज तपासून पाहायला हवा. शंकूत वरून धार पडते तिथे पाणी खरोखर खळबळतं. पण खाली कणांच्या फटींतून ते सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतं. एवढ्याशा फटीत, एवढ्या गतीला भोवरे तयार होत नाहीत, पाणी शांतपणे वाट काढत जातं. एकदा त्याला सोपी वाट सापडली की बहुतेक पाणी तिथूनच पळतं. त्या वाटेवरचे कण पिळून निघतात आणि शेजारचे जवळजवळ कोरे राहतात. असा कप एकाच वेळी आंबट आणि कडू लागतो. ही वाट मोडायची तर कॉफीचा सगळा थर मुळापासून हलवावा लागतो. गाळलेल्या कॉफीत ढवळण्याचं सर्वांत मोठं काम हेच आहे, असं मला वाटतं. अर्काची गती वाढते हा जोडीचा फायदा.

थर हलवण्यासाठी नुसती धारही पुरते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अर्नोल्ड मथायसन आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’मध्ये यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कॉफीच्या थरात आरपार दिसत नाही, म्हणून त्यांनी काचेच्या शंकूत सिलिका जेलचे पारदर्शक कण भरले आणि लेसरच्या उजेडात वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. धार थराच्या मध्यभागी खड्डा खणते, उचललेले कण कडेला जाऊन साचतात आणि तिथून ढासळून पुन्हा खड्ड्यात येतात, असं त्यात दिसलं. कड्याची दरड कोसळत राहावी, तसं हे चक्र चालतं आणि तळातले कण वर येत राहतात. किटली उंच धरली की धारेचा जोर वाढतो. पण फार उंचावरून किंवा फार बारीक धार सोडली, तर ती वाटेतच थेंबांमध्ये तुटते आणि तुटलेली धार खोल खणत नाही. म्हणून धार अखंड राहील तेवढीच उंची ठेवायची. धार पाण्यावर पडताना टपटप आवाज यायला लागला, की किटली थोडी खाली आणावी.

शंकूच गोल फिरवण्याची पद्धत अमेरिकी कॉफीतज्ज्ञ स्कॉट राव यांच्या नावाने ओळखली जाते. फिरणारं पाणी कडेला चढतं आणि कागदावर चिकटून राहिलेले कण धुऊन खाली आणतं. फिरणं मंदावताना तळाशी घर्षणामुळे पाण्याची गती आणखी कमी होते आणि तिथला प्रवाह मध्याकडे वळतो. चहाच्या कपात ढवळल्यावर पत्ती मध्यभागी का जमते, याचं हेच स्पष्टीकरण आइनस्टाइन यांनी १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांवर लिहिताना दिलं होतं. मध्ये खड्डा पडलेला थर यामुळे भरून निघतो आणि सपाट होतो. मग शेवटचं पाणी सगळ्या कणांतून सारखं उतरतं.

एवढे फायदे असताना सतत का ढवळू नये? कारण कोणत्याही दळणात पिठासारखी बारीक भुकटी असतेच. दर वेळी ढवळलं की ती मोकळी होते, पाण्याबरोबर खाली सरकते आणि कागदाची छिद्रं बुजवते. जे पाणी तीन मिनिटांत उतरायचं ते साडेचार-पाच मिनिटं तुंबून राहतं आणि कप कडवट, तोंड कोरडं पाडणारा होतो. उतरण्याचा वेळ ही पहिली खूण, शंकूतला चोथा ही दुसरी. कडेला उंचावर कोरडे कण दिसले तर हालचाल कमी पडली. वर चिखलासारखा गुळगुळीत थर दिसला आणि वेळही लांबला, तर ती जास्त झाली.

म्हणून ढवळायचं ते सुरुवातीलाच. पहिलं ४५ ग्रॅम पाणी ओतल्यावर कॉफी फुगते, वायू बाहेर पडतो आणि आत कोरड्या गुठळ्या राहतात. तेव्हा चमच्याने तळापर्यंत ढवळून त्या मोडाव्यात. यात थोडी भुकटी मोकळी होते, पण एकसारखं भिजण्याचा फायदा त्याहून मोठा ठरतो. उरलेलं पाणी दोन टप्प्यांत ओतावं आणि शेवटी शंकू एकदाच हलकेच फिरवावा. तरीही पाणी तुंबत असेल, तर चमचा आणखी कमी करण्याआधी दळण थोडं भरड करून पाहावं.

फ्रेंच प्रेससारख्या भांड्यात सगळी कॉफी सगळ्या पाण्यात बुडालेली असते, तिथे हिशेब वेगळा. वाट शोधायला पाणी कुठे जातच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की बुडवून केलेली कॉफी पुरेशी मुरली की अर्क साधारण २१ टक्क्यांवर येऊन स्थिरावतो. दळण आणि पाण्याचं तापमान बदललं तरी त्यात फारसा फरक पडत नाही. ढवळल्याने त्या मुक्कामावर लवकर पोहोचता येतं, मुक्काम बदलत नाही. म्हणूनच कपिंगमध्ये, म्हणजे कॉफीची पारख करताना, चार मिनिटं कुणी हात लावत नाही. मग चमच्याने वरची साय मोडतात, वायूने तरंगत ठेवलेले कण खाली बसतात आणि कप निवळू देतात. फ्रेंच प्रेसमध्येही तेच करावं. चार मिनिटांनी एकदा ढवळावं, वरचा फेस काढावा आणि आणखी पाच मिनिटं भांडं तसंच ठेवावं. या पाच मिनिटांत भुकटी तळाशी बसते. दट्ट्या तळापर्यंत दाबला तर ती परत वर येते, म्हणून तो पृष्ठभागाजवळच थांबवून कॉफी ओतावी.