मांसातला साबुदाणा

महाराष्ट्रात गाय आधीपासूनच आणि 2015 पासून बैल आणि वळूही कापता येत नाहीत. त्यामुळे बीड जिल्ह्यात मांसतपासणीचा विषय निघतो तेव्हा मोठ्या जनावरांत म्हशी-रेडे आणि दुसरीकडे डुकरे येतात. दोन्हींच्या मांसात पशुवैद्यक एकच गोष्ट शोधतो: फीतकृमीच्या अळीची पुटी.

डुकराच्या मांसातली जिवंत पुटी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसते. ती पाच ते दहा मिलिमीटर लांब, लंबगोल आणि पारदर्शक असते. आत पाणी असते आणि त्यात एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचे डोके. मेलेली पुटी पिवळट, पनीरासारखी होते आणि पुढे चुना साचून कडक बनते. तेव्हा सुरीला बारीक खडा लागल्यासारखे जाणवते.

अळ्या रक्तातून पसरतात, म्हणून सतत काम करणाऱ्या, भरपूर रक्त मिळणाऱ्या स्नायूंत त्या जास्त रुजतात. तपासणीही तिथूनच होते. आधी जीभ बोटांनी चाचपतात. मग जबड्याच्या बाहेरच्या आणि आतल्या स्नायूंवर, हाडाला समांतर काप घेतात. हृदय उभे उघडून मधल्या पडद्यावरही काप देतात. छाती-पोटामधला पडदा पाहतात. डुकरात खांदा आणि मांडीची आतली बाजूही बघतात.

समजा, एका डुकराच्या जिभेखाली दोन गाठी हाताला लागल्या. एवढ्यावर निकाल देत नाहीत. हृदय, जबडा, खांदा, मांडी असे एकेक काप उघडतात. प्रत्येक कापावर पुट्या दिसल्या, तर सगळे धड बाद करून नष्ट करतात. म्हशीत एखादीच पुटी सापडली, तर तो भाग काढून उरलेले मांस उणे 10 अंशांवर किमान दहा दिवस गोठवतात, अळी मरते.

म्हशीच्या अन्ननलिकेवर तांदळासारखे पांढरे दाणे दिसले की नवखा फसतो. ते बहुधा सार्कोसिस्टिस या दुसऱ्याच परजीवीचे असतात. त्यांत पाण्याची पिशवी आणि आतला ठिपका सापडत नाही, यावरून ते ओळखू येतात.

या तपासणीला मर्यादा आहे. चार-पाच पुट्या असलेल्या जनावरात सुरी त्यांच्या बाजूने निघून जाते, आणि नुकती रुजलेली अळी डोळ्याला दिसतच नाही. म्हणून शिक्का असलेले मांसही आतपर्यंत पूर्ण शिजवायला हवे.

अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात फीतकृमी होतो. मेंदूतल्या गाठी आणि त्यातून येणारे झटके मात्र थेट मांसातून होत नाहीत. फीतकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पोटात गेली की ते होतात. ही अंडी हाताला, पाण्याला, कोथिंबिरीच्या जुडीला लागून येतात, म्हणून आयुष्यात मांस न खाल्लेल्यालाही हा आजार होतो. उघड्यावरची तीच विष्ठा खाणाऱ्या मोकाट डुकराच्या मांसात पुट्या रुजतात. सुरीखाली साबुदाणा दिसला, म्हणजे त्या डुकराच्या फिरण्याच्या टापूत फीतकृमी असलेला माणूस उघड्यावर बसला होता. त्याला शोधून औषध दिले नाही, तर पुढचे डुक्करही तसेच येईल.