प्लॅन उघडण्याआधी

हौशी संस्थेच्या नाटकाचं तिकीट काढताना बहुतेकजण पहिली रांग मागतात. थोडं थांबावं. तालुक्याच्या सभागृहात रंगमंच साधारण साडेतीन फूट उंच असतो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जेमतेम चार फुटांवर येतात. त्यामुळे मागच्या बाजूला जमिनीवर बसलेलं पात्र पहिल्या रांगेतून धड दिसत नाही. चौथी ते आठवी रांग, तीही मधली, सर्वांत चांगली. अगदी कडेच्या खुर्चीवरून समोरच्या विंगेत उभे असलेले नट दिसतात आणि आपल्याच बाजूची नेपथ्याची भिंत मात्र लपते.

खरी जबाबदारी प्लॅन सांभाळणाऱ्याची. समजा, तीनशे खुर्च्या आहेत. पाहुण्यांसाठी तीस राखल्या, तर त्या विक्री सुरू होण्यापूर्वीच प्लॅनवर लाल पेन्सिलीनं खोडायला हव्यात. उरलेली तिकिटं पाच सभासदांत वाटताना प्रत्येकाला सलग रांगा द्याव्यात आणि कोणत्या रांगा कोणाकडे, हे प्लॅनवरच लिहावं. एकच खुर्ची दोघांना विकली जाते ती बहुधा फोनवरच्या तोंडी शब्दामुळे: ‘माझ्यासाठी दोन ठेव रे.’ पैसे आल्याशिवाय खूण करायची नाही, हा नियम घरच्यांनाही लागू.

तिकिटावर रांग, खुर्ची क्रमांक आणि तिसऱ्या घंटेची वेळ स्पष्ट छापावी. उशिरा येणाऱ्याला पहिला प्रवेश संपेपर्यंत मागेच उभं राहावं लागेल, हेही तिथेच सांगावं. दारावर वाद घालण्यापेक्षा ते कितीतरी बरं.