मनगटावरची तबकडी आणि १–९चा घोळ

चकलीच्या पिठात दोन्ही हात बरबटलेले असताना घड्याळ कसं बघतात? आई मनगट वळवते, मान जराशी खाली घालते आणि लगेच परातीकडे वळते. बोट लावायची सोय नाही, चष्मा ओट्यावर. गेल्या दिवाळीत पुतणीनं आजीच्या स्मार्टवॉचसाठी देवनागरी आकड्यांची तबकडी बनवली आणि तपासायला माझ्याकडे दिली. घड्याळात ९:११ झाले होते. आई म्हणाली, "सव्वानऊ होऊन गेले की रे!" तिनं ९:१९ वाचलं होतं.

आधी तबकडीवरच्या गर्दीची मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. वेळेशिवाय घड्याळ जे काही दाखवतं, त्याला घड्याळजी कॉम्प्लिकेशन म्हणतात. पाटेक फिलिपनं १९३३ साली हेन्री ग्रेव्ह्ज यांना दिलेल्या खिशातल्या घड्याळात अशी २४ होती. स्मार्टवॉचनं तो शब्द तसाच उचलला. २०१६ साली संशोधकांनी १२ जणांचं घड्याळ बघणं कॅमेऱ्यात टिपलं, तेव्हा १,००९ वेळांपैकी निम्म्या वेळा ते फक्त किती वाजले हेच बघत होते.

पुतणीच्या तबकडीवर मात्र कडेनं आठ कॉम्प्लिकेशन्स होती. पडदा १.२ इंचांचा, व्यास ३९६ पिक्सेल, म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर. एवढ्या वर्तुळात कडेला आठ सारखी वर्तुळं एकमेकांना चिकटवून बसवली, तर प्रत्येकाला ११० पिक्सेल मिळतात आणि मधे वेळेसाठी १७६ पिक्सेलचा गोल उरतो. त्या छोट्या वर्तुळात वर चिन्ह, खाली आकडा. आकड्याची उंची २२ पिक्सेल, म्हणजे १.७ मिलिमीटर. अक्षर वाचता येईल का, हे ते डोळ्याशी किती कोन करतं यावर ठरतं. किमान १६ कला लागतात, सुखानं वाचायला २० ते २२. (एका अंशाच्या ६० कला.) आई मनगट ४० सेंटीमीटरवर धरते. तिथून हा आकडा १५ कलाही भरत नाही. २० कलांसाठी ३० पिक्सेल हवेत. आठातली पाच काढली. उरली तारीख, पावलं आणि बॅटरी. वेळेला जवळजवळ ३०० पिक्सेलची रुंदी मिळाली.

तारखेनं वेगळाच त्रास दिला. 'शनि १ नोव्हें' ही ओळ केंद्राच्या १५० पिक्सेल वर होती. तिथे वर्तुळाची रुंदी २५८ पिक्सेल, पण ओळीच्या वरच्या काठाशी ती २१० वर येते. मराठीला जागा नेमकी तिथेच लागते, कारण वेलांटी, मात्रा, अनुस्वार सगळे शिरोरेषेवर चढतात. शेवटच्या अक्षराचा अनुस्वार वर्तुळाच्या कडेनं खाल्ला होता. इंग्रजीत बेतलेला आराखडा मराठीला जसाच्या तसा लावला की हे हमखास होतं. आम्ही महिना काढला. 'शनि १' पुरतं.

आता माझा आवडता मुद्दा, १ आणि ९. दोघांनाही वर गाठ, खाली शेपटी. फरक आहे तो गाठीजवळच्या बारीक वळणात. पुतणीनं लांबून दिसावा म्हणून चांगला जाडजूड फॉन्ट घेतला होता. जाडी वाढली की रेघ आत सरकते, गाठीची पोकळी बुजते, वळण बुजतं आणि उरतो शेपटीवाला ठिपका. म्हणजे ठळक केल्यानं वाचन बिघडलं! मोबाइलवर हे कळत नाही, कारण तिथे आकडा मोठा असतो. मी तबकडी खऱ्या मापात छापून घेतली, डोळे किलकिले करून ११ आणि १९ शेजारी शेजारी पाहिले. दोन्ही सारखेच. मग एक टाइपच्या 'मुक्ता'मधली मध्यम जाडी घेतली, आकडे थोडे मोठे केले आणि दोन आकड्यांमधली जागा वाढवली. प्रत्येक आकड्याला सारखीच रुंदी दिली, नाहीतर ११ चे १२ होताना सगळी ओळ हलते आणि नजर चुकते. माझ्या मते देवनागरी तबकडीची पहिली परीक्षा ११, १९, ९१, ९९ या चार जोड्यांचीच असायला हवी. घड्याळात ९१ कधी वाजत नाहीत, पण बॅटरी ९१ टक्के असते.

मनगट खाली असताना पडदा मंद होतो. तेव्हा पिक्सेलपैकी १५ टक्क्यांहून जास्त उजळू नयेत, असं वेअर ओएसचं मार्गदर्शन आहे. बॅटरीही वाचते आणि पडद्यावर डागही राहत नाही. त्यासाठी पुतणीनं आकडे पोकळ केले, नुसती बाह्यरेषा. गाठीच्या जागी दोन रेघा एकमेकींत अडकल्या आणि पुन्हा तोच घोळ. त्यापेक्षा आकडे भरीव ठेवून बाकी सगळं विझवलेलं बरं. ते आम्ही केलं.

पावलांचा आकडा दुसऱ्या ॲपकडून येतो, तोही इंग्रजी आकड्यांत. तबकडीला तो जसा येईल तसाच दाखवावा लागतो. म्हणून आकडा काढून फक्त कड ठेवली, जी चालेल तशी भरत जाते. आईला ती बांगडीसारखी वाटते. संध्याकाळी ती अर्ध्याहून कमी भरलेली दिसली की आई खाली एक फेरी मारून येते.