एकमेकांचे उलटे दोन आलेख

समजा, सहा वर्षांच्या एका मुलीचा घोळणा फुटला की तासभर रक्त थांबत नाही. आईवडील आतेमामे भावंडं. रक्ताच्या अहवालात प्लेटलेट्स 2,60,000, म्हणजे अगदी पुरेशा. मग रक्त थांबत का नाही? कारण मोजणी प्लेटलेट्स किती आहेत ते सांगते, त्या काम करतात का ते सांगत नाही.

प्लेटलेटला दोन कामं करावी लागतात. आधी फाटलेल्या रक्तवाहिनीला चिकटायचं आणि मग एकमेकींना धरून गाठ बांधायची. चिकटण्यासाठी तिच्या अंगावर जीपी वन-बी हा ग्राहक असतो. तो व्हॉन विलेब्रांड नावाच्या प्रथिनाला पकडतो. एकमेकींना धरण्यासाठी जीपी टू-बी थ्री-ए हा दुसरा ग्राहक लागतो. फायब्रिनोजेन हे प्रथिन दोन प्लेटलेट्समध्ये दोरीसारखं पडतं, आणि हा ग्राहक त्याचं टोक धरतो.

यातलं काय बिघडलंय, ते अ‍ॅग्रिगेशन चाचणीत दिसतं. रक्त हळू फिरवून प्लेटलेट्स असलेला गढूळ प्लाझ्मा वेगळा काढतात आणि त्यातून प्रकाश सोडतात. एडीपी, कोलॅजेन किंवा अ‍ॅड्रेनलिन घातल्यावर प्लेटलेट्सच्या गाठी झाल्या, की द्रव निवळतो, जास्त प्रकाश पलीकडे जातो आणि आलेखाची रेघ चढते. रिस्टोसेटिन मात्र वेगळ्या वाटेनं चालतं. ते व्हॉन विलेब्रांड प्रथिनाला जीपी वन-बीशी जोडून देतं, त्यात फायब्रिनोजेनची गरज पडत नाही.

या मुलीच्या चाचणीत एडीपी, कोलॅजेन, अ‍ॅड्रेनलिन या तिन्हींच्या रेघा सपाट राहिल्या, रिस्टोसेटिनची तेवढी चढली. म्हणजे फायब्रिनोजेनचा ग्राहकच नाही. हा ग्लान्झमान थ्रोम्बास्थेनिया. स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी 1918 मध्ये त्याचं वर्णन केलं.

आता दुसरा मुलगा. त्याच्या प्लेटलेट्स 60,000. 'प्रतिकारशक्ती प्लेटलेट्स मारतेय' असं समजून त्याला स्टेरॉइड दिलं गेलं, पण फरक पडला नाही. काचपट्टीवर पाहिलं तर काही प्लेटलेट्स तांबड्या पेशींएवढ्या मोठ्या. त्याचा आलेख नेमका उलटा आला: बाकीच्या रेघा चढल्या, रिस्टोसेटिनची सपाट. निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळला तरी ती हलली नाही. हलली असती, तर दोष प्लाझ्मातल्या व्हॉन विलेब्रांड प्रथिनाचा ठरला असता. इथे प्लेटलेटचा चिकटण्याचा ग्राहकच सदोष आहे. हा बर्नार्ड-सुलिए सिंड्रोम, 1948 मध्ये फ्रान्समध्ये वर्णिलेला.

चाचणी फसूही शकते. आठवड्याभरात अ‍ॅस्पिरिन घेतलं असेल, तर काही रेघा त्यामुळेच खाली राहतात. शिवाय रक्त फिरवताना अवाढव्य प्लेटलेट्स तांबड्या पेशींबरोबर तळाला बसतात, आणि तपासायला प्लेटलेट्सच उरत नाहीत. म्हणून शेवटचा निर्वाळा फ्लो सायटोमेट्रीवर घेतात. तिथे प्रत्येक ग्राहकावर चमकणारी खूण लावून तो आहे की नाही, हे थेट पाहता येतं.