खेळातल्या स्टिअरिंगचा जोर किती ठेवावा?

वळणावर गाडीचे पुढचे टायर स्टिअरिंगला मध्याकडे ओढत असतात. वळण वेगात घेतले की ही ओढ वाढते. मात्र टायरची पकड संपत आली की ती कमी होऊ लागते. स्टिअरिंग असे हलके पडते तेव्हा गाडी घसरणार हे चालकाला आधीच कळते. फोर्स फीडबॅकचे काम हीच ओढ मोटरच्या साहाय्याने हातापर्यंत पोचवणे. लॉजिटेक जी२९ हे व्हील आणि ‘असेटो कोर्सा’ हा खेळ घेतला, तर दोन गोष्टी नीट जुळवाव्या लागतात.

पहिली गोष्ट फिरण्याच्या कोनाची. जी२९ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरते. संगणकावरच्या G HUB मध्ये ९०० अंश ठेवावेत आणि खेळातही तोच आकडा द्यावा. मग प्रत्येक गाडीचा खरा कोन खेळ स्वतः जुळवून घेतो. व्हील ९०० वर आणि खेळात ३६० असे झाले, तर हातातले चाक १८० अंश फिरवूनही पडद्यावरचे फक्त ७२ अंश फिरते. चूक ओळखायची खूण हीच: दोन्ही चाके बरोबरीने फिरायला हवीत.

दुसरी गोष्ट जोराची, आणि नवखे लोक इथेच जास्त चुकतात. जास्त जोर म्हणजे जास्त खरेपणा, असे वाटून Gain शंभराच्या पुढे नेले जाते. पण मोटरची ताकद मर्यादित असते. एखाद्या लांब वळणावर खेळाने १३० टक्के ओढ मागितली, तर मोटर १०० वरच थांबते. पकड सुटू लागून ती ओढ १३० वरून ११० वर आली, तरी हाताला १००च जाणवते. ज्या क्षणी स्टिअरिंग हलके पडायला हवे, नेमका तोच क्षण हरवतो. याला क्लिपिंग म्हणतात.

ते तपासायला खेळातले Pedals हे ॲप उघडावे. त्यातली फोर्स फीडबॅकची राखाडी पट्टी मोटरची मर्यादा गाठली की लाल होते. वेगवान, लांब वळणावर ती लालच राहत असेल, तर Gain थोडे थोडे कमी करावे. वरच्या उदाहरणात जोर तीन चतुर्थांश केला, की १३० चे सुमारे ९८ होतात आणि ११० चे सुमारे ८३. हा फरक हाताला कळतो. कडेच्या उंचवट्यावरून जाताना पट्टी क्षणभर लाल झाली तर चालते.

जोर कमी केल्यावर स्टिअरिंग सुरुवातीला पोकळ वाटते. तरीही छोट्या मोटरच्या व्हीलसाठी हाच सौदा योग्य आहे. गाडी बदलली की ओढही बदलते, म्हणून नव्या गाडीत पट्टी पुन्हा एकदा पाहावी.