ओपन-बुक पेपरसाठी इंडेक्स: ३० सेकंदांत नेमकं पान कसं गाठायचं?

हिंगणघाटच्या कापड गिरण्या असोत की वर्ध्याजवळचा भूगावचा पोलाद कारखाना, इंधन आणि विजेचा हिशेब ठेवणारा माणूस अशा ठिकाणी लागतोच. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी म्हणजे बीईई या कामासाठी राष्ट्रीय परीक्षा घेते. एनर्जी मॅनेजर व्हायला तीन पेपर असतात. ऑडिटर व्हायचं तर चौथाही द्यावा लागतो, आणि हा चौथा पेपर ओपन-बुक आहे.

पुस्तक समोर असेल तर टेन्शन कसलं? आधी वेळेचं गणित बघा. पेपर १०० गुणांचा आणि वेळ २ तास, म्हणजे एका गुणाला ७२ सेकंद. एका गुणाचे १० प्रश्न, ५ गुणांची २ गणितं आणि २० गुणांची ४ मोठी गणितं अशी त्याची नेहमीची रचना. ५ गुणांच्या गणिताला वाट्याला येतात ६ मिनिटं. त्यातली ३ पानं उलटण्यात गेली, तर सोडवणार कधी?

इंडेक्स वेगळा, टेबल वेगळं

डेटाबेसमध्ये इंडेक्स म्हणजे 'हा शब्द कुठे आहे' ते सांगणारी यादी. तिथून पत्ता घ्यायचा आणि मूळ जागी जायचं. पण जी माहिती सतत लागते ती इंडेक्समध्येच ठेवली, तर मूळ जागी जावंच लागत नाही. आपल्यालाही हेच करायचंय. क्वचित लागणाऱ्या गोष्टींचा फक्त पत्ता लिहायचा. वारंवार लागणारी सूत्रं आणि एककं मात्र दोन पानांच्या टेबलमध्ये थेट उतरवायची.

मोबाइलवर शीट बनवा

गूगल शीट्समध्ये चार कॉलम घ्या: शब्द, पुस्तक, पान, टीप. पुस्तकं इंग्रजीत असतील तर शब्दही इंग्रजीतच ठेवा. खालचे पान क्रमांक फक्त नमुन्याचे आहेत:

```
Hydraulic power  | 4 | 31 | Q m3/s मध्ये
Pump efficiency  | 4 | 31 | सूत्र + उदाहरण
Head, total      | 4 | 30 | discharge - suction
```

तीन ओळी एकाच विषयाच्या आहेत, आणि ते मुद्दाम आहे. इथेच बरेच जण चुकतात. ते धड्यांची नावं उतरवतात, म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिकाच पुन्हा लिहितात. प्रश्नात मात्र 'हेड' हा शब्द येतो आणि तुम्ही 'एच'खाली शोधता. तिथे नोंद नसेल तर इंडेक्स असून नसल्यासारखा. ज्या शब्दाने तुम्ही शोधाल, त्या प्रत्येक शब्दाची वेगळी नोंद हवी.

सगळ्या नोंदी झाल्या की F2 मध्ये हे टाका:

```
=SORT(A2:D400,1,TRUE)
```

यादी अक्षरानुसार लागेल. एखादा शब्द विचित्रपणे सगळ्यात वर गेला, तर त्याच्या आधी चुकून स्पेस पडलीय, ती काढा. मग प्रिंट घ्या, कारण परीक्षेत मोबाइल चालणार नाही. पुस्तकांच्या कडेला प्रत्येक धड्याची रंगीत चिठ्ठीही लावा.

एक गणित करून बघू

पंपाचा प्रवाह ताशी १८० घनमीटर. डिस्चार्ज दाब ३.८ किलो प्रति चौरस सेंमी, सक्शन उणे ०.२. मोटर ३० किलोवॅट घेते आणि तिची कार्यक्षमता ९० टक्के. पंपाची कार्यक्षमता किती?

टेबलमध्ये दोन ओळी असल्या की पुरे: १ किलो प्रति चौरस सेंमी म्हणजे साधारण १० मीटर पाणी, आणि हे सूत्र:

```
kW = Q(m3/s) x H(m) x 9.81
```

दाबातला फरक ४.०, म्हणून हेड ४० मीटर. प्रवाह १८० भागिले ३६०० म्हणजे ०.०५. पाण्याला मिळालेली शक्ती १९.६२ किलोवॅट. पंपाच्या शाफ्टला मिळालेली ३० × ०.९ = २७. उत्तर ७२.७ टक्के.

३६०० ने भागायचं राहिलं तर कार्यक्षमता लाखांत येईल. ती चूक निदान दिसते तरी. पण मोटरचे ९० टक्के विसरलात तर ६५.४ येतं, आणि ते अगदी खरं वाटतं! म्हणून टेबलमध्ये सूत्रासोबत एककं लिहाच, आणि शेजारी 'मोटर वजा केली?' असा छोटा शेराही ठेवा.

इंडेक्स तपासा

बीईईचा एक जुना पेपर घ्या. गणितं सोडवू नका, प्रत्येकाचं पान फक्त शोधा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. ३० सेकंदांच्या वर गेलं, तर तुम्ही आधी कुठला शब्द शोधला होता तो शीटमध्ये घाला. तेच पान दोन-तीन पेपरांत पुन्हा पुन्हा लागत असेल, तर तिथलं सूत्र टेबलमध्ये घ्या.

इंडेक्स पान दाखवतो, गणिताची पद्धत शिकवत नाही. २० गुणांचं गणित घरी एकदाही सोडवलं नसेल, तर पान सापडूनही २४ मिनिटं पुरणार नाहीत. आणि हॉलमध्ये कुठले कागद, कुठला कॅल्क्युलेटर चालतो, हे त्या वर्षीच्या सूचनांत वाचूनच प्रिंट काढा.